रंगपंचमीचा मजकूर

चि. मित्रा,

आशीर्वाद. आपल्या नगरसेविका ताईंच्या नावाने तू लिहिलेला रंगपंचमीच्या शुभेच्छांचा मजकूर दोनदा वाचला. अक्षर सुरेख आहे. पण बारा ओळींत ‘मी’ आणि ‘माझा प्रभाग’ मिळून सात वेळा आलंय. आपल्या प्रभागातून चार जण निवडून जातात, ‘माझा’ कोणाचा म्हणायचा? ‘आपला’ लिही.

‘लाडक्या, कार्यतत्पर’ ही विशेषणं काढ. सहावी ओळ तर मुळीच नको: ‘ताईंच्या प्रयत्नांतून रहाडीसाठी टँकर’. पाणी आलं हे लोकांना दिसतं. ते आपण सांगितलं की शुभेच्छेचा प्रचार होतो. तिथे उपयोगाचं सांग. रहाड म्हणजे रस्त्याखालचा पेशवेकालीन दगडी हौद, वर्षभर बुजवलेला; रंगपंचमीला त्यात रंगाचं पाणी भरतात आणि लोक धप्पा, म्हणजे उडी, मारतात. तो उघडला की गल्ली अडते. मग रिक्षा कुठून वळवायची, दवाखान्याची वाट कोणती, हे पत्रकात हवं. पोलिसांना विचारून मगच लिही, अंदाजाने नको.

आता मुख्य गोष्ट. जुन्या नाशकात रंग न खेळणारेही राहतात. 2025 साली 19 मार्चला रंगपंचमी आली, तेव्हा रोजे चालू होते. शिवाय दहावीची मुलं, आजारी माणसं, आणि ज्यांच्या घरी वर्षात कुणी गेलंय ती. ही शेवटची माणसं मी एकदा विसरलो. ‘प्रत्येकाने रहाडीत धप्पा मारलाच पाहिजे’ असं लिहिलं होतं. पत्रक वाटताना एका काकूंनी दारातूनच विचारलं, “आमच्याकडे यंदा सण नाही, आम्ही प्रभागातले नाही का?” उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून ‘च’ आणि ‘पाहिजे’ या शब्दांना मी घाबरतो.

पण म्हणून धर्मांची यादी करू नकोस. ‘हिंदू-मुस्लिम-शीख-ख्रिश्चन बांधवांना’ म्हटलं की कुणीतरी सुटतंच, आणि यादीत असलेल्यालाही आपण वेगळे मोजले गेलो असं वाटतं. (‘बांधवांना’ म्हणजे बायका कुठे गेल्या?) माणसं दाखव, जाती-धर्म नको.

मी असं लिहिलं असतं:

‘नमस्कार. आपल्या प्रभागातील सर्व रहिवाशांना रंगपंचमीच्या शुभेच्छा. रंग खेळणाऱ्यांनी मनसोक्त खेळावं. ज्यांना नको असेल त्यांच्या दारापाशी, रोजेदारांपाशी, अभ्यास करणाऱ्यांपाशी रंग थांबवावा. ज्या घरी यंदा सण नाही, तिथे शेजाऱ्यांनी रंगाशिवाय जाऊन यावं. रहाडीजवळ लहान मुलांना एकटं सोडू नये. बंद रस्त्यांची माहिती मागच्या बाजूला आहे.’

खाली फक्त नाव आणि प्रभाग क्रमांक. पक्षचिन्ह नको, हात जोडलेला फोटो नको, मागे उभ्या सहा कार्यकर्त्यांचे तर नकोच. ताई फोटोसाठी हट्ट धरतील. तेव्हा त्यांना विचार, त्या जागी रस्त्यांचा नकाशा मोठा छापू का? बहुतेक मानतील.

छापण्याआधी त्या काकूंच्या गल्लीतल्या दोघांना वाचून दाखव. मला नको, मी रंग खेळतो.

तुझा,
काका