"कोणी आहे का?" ला काय रिप्लाय द्यायचा

अरे, सपोर्टच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं "कोणी आहे का?" आलं की लगेच "हो, बोला" टाकून मोकळा होऊ नकोस, आधी वर स्क्रोल करून बघ, बऱ्याचदा सकाळी "नेट बंद आहे, राउटरला लाल लाइट आहे" असं लिहिलेलं असतं आणि आपला ऑटो रिप्लाय सोडून कोणीच काही बोललेलं नसतं. मग थेट लिही, "हो, आहे मी. लाल लाइट अजून आहे का?" वर काहीच नसेल तर नाव सांग आणि नेट की बिल एवढंच विचार. आणि हो, आपलं एपीआयवालं अकाउंट आहे, कस्टमरच्या शेवटच्या मेसेजपासून 24 तास उलटले की साधा रिप्लाय जातच नाही, अप्रूव्ह झालेलं टेम्प्लेटच पाठवावं लागतं.