काळे, कावळे आणि क्षीरसागर: हजेरीपटाचा क्रम

प्रश्न : «हजेरीपटासाठी आडनावे चढत्या क्रमाने लावली, तर काळे कावळेंच्या आधी येतात आणि क्षीरसागर 'क' मध्ये जातात. यादी बरोबर कशी लावावी?»

सोलापुरात क्षीरसागर आडनाव बहुतेक तुकड्यांत सापडते, त्यामुळे ही अडचण आमच्या शाळेनेही पुरेपूर भोगली आहे. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हे अक्षर 'ल'ला लागून येते, आणि 'क्ष' हे तर स्वतंत्र अक्षर नसून क, हलन्त आणि ष अशी साखळी असते. शासनाने २००९ मध्ये प्रमाण केलेल्या वर्णमालेत मात्र 'ळ' हा 'ह'नंतर आणि 'क्ष', 'ज्ञ' सर्वांत शेवटी आहेत. यादी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागेल.

स्प्रेडशीटमध्ये आडनाव B स्तंभात आहे असे धरून शेजारी एक सहायक स्तंभ करावा :

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(TRIM(B2),"क्ष","ह्ह्ह"),"ज्ञ","ह्ह्ह्ह"),"ळ","ह्ह")
```

हलन्त सर्व मात्रांनंतर येत असल्यामुळे 'ह्ह' हे ह-गटाच्या अगदी टोकाला जाते. 'काळे'चे 'काह्हे' होते आणि क्रम कावळे, काशीद, कासार, काळे असा लागतो. 'क्षीरसागर'चे 'ह्ह्हीरसागर' होऊन ते हिरेमठांच्याही खाली उतरतात. संपूर्ण तक्ता निवडून आधी या स्तंभाने आणि मग नावाने क्रम लावावा. मात्र प्रत्येक प्रणालीची क्रमवारी सारखी नसते, म्हणून हीच सहा आडनावे आपल्या यंत्रावर आधी लावून पाहावीत. माहिती पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये असेल, तर एवढा खटाटोप नको :

```
ORDER BY adnav COLLATE "mr-x-icu", nav COLLATE "mr-x-icu";
```

आम्हाला सर्वांत महाग पडले ते एका कार्यालयाचे वागणे. आम्ही बरोबर क्रमाने पाठवलेली यादी तेथे पुन्हा 'सॉर्ट' करून तिला नवे क्रमांक देण्यात आले. क्षीरसागर शेवटून थेट 'क'मध्ये आले, त्यांच्यापुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याचा क्रमांक एकाने सरकला आणि हजेरीपटावरचे व गुणपत्रकावरचे क्रमांक जुळेनासे झाले. विचारणा केल्यावर 'संगणकाने लावलेला क्रम चुकत नाही' एवढेच उत्तर मिळाले, आणि गुणांच्या नोंदी हाताने ताडून पाहण्याचे काम वर्गशिक्षकांच्या गळ्यात पडले. मुलांचे गुण दुसऱ्याच्या नावावर जाण्याइतकी गंभीर गोष्ट असताना असे उत्तर देणे मला आजही अक्षम्य वाटते.

म्हणून माझे ठाम मत असे, की क्रम एकदा निश्चित झाला की हजेरी क्रमांक सूत्राने न ठेवता 'पेस्ट व्हॅल्यूज'ने गोठवावेत, आणि यादी बाहेर देताना शेजारी जनरल रजिस्टर क्रमांक अवश्य द्यावा; गुण त्याच क्रमांकाशी जोडावेत. काही शब्दकोश 'क्ष' हा 'क'मध्येच देतात, त्यामुळे एखाद्या शाळेने तसा क्रम ठेवला तर त्याला मी चूक म्हणणार नाही. फक्त तसे असल्यास सूत्रातून 'क्ष' आणि 'ज्ञ' यांचे बदल काढून टाकावेत आणि सर्व तुकड्यांना तोच नियम लावावा.