वजनाचा आकडा टाकण्याआधी

वजन उतरल्याची पोस्ट टाकताना ‘2 महिन्यांत 6 किलो उतरले’ एवढंच लिहू नकोस. त्यातले पहिल्या आठवड्यातले दीड-दोन किलो बहुधा पाण्याचे असतात: जेवण कमी झालं की शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, घटतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी जातं. हे सांगितलं नाहीस, तर तोच वेग गाठायला वाचणारा उपाशी राहील. पुढचा वेग आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास होता, हेही लिही.

खरं तर आधी काय जमत नव्हतं ते सांग: ‘तेव्हा 10 मिनिटं पळताना दम लागायचा, आता 30 मिनिटं न थांबता पळते.’ जुन्या फोटोखाली ‘ढोली होते’ नको, तारीख पुरे. तशाच अंगाचं कुणीतरी ते वाचतंच.