आधी सोपं उरकू की आधी तारीख बघू?

अरे, पहिल्या सेमिस्टरला मीपण तेच करायचो, छोटं छोटं उरकून टाकायचं, टिकमार्क पडले की बरं वाटतं, आणि मग सबमिशनच्या सकाळी कॉलेज रोडला झेरॉक्सच्या दुकानात उभ्या उभ्या जर्नल लिहायचं.

तुझंच घे. रोज २ तास मिळतात, सोमवारी सुरुवात. जर्नल ६ तासांचं, बुधवारी रात्रीपर्यंत. पीपीटी २ तास, गुरुवार. ट्युटोरियल १ तास, शुक्रवार. छोटं आधी केलंस तर ट्युटोरियल, पीपीटी, आणि जर्नल संपणार थेट शुक्रवारी, दोन दिवस लेट. तारखेप्रमाणे गेलास तर तिन्ही वेळेत. छोटं आधी केल्याने कामं सरासरी लवकर हातावेगळी होतात हे खरं, पण त्यात तारीख बघितलीच जात नाही.

सुरुवातीला एवढंच कर:
- यादी तारखेप्रमाणे लाव.
- वरून खाली तास मिळवत जा, प्रत्येक तारखेपाशी बघ की तोपर्यंत तेवढे तास हातात आहेत का.

ही बेरीज सगळे विसरतात आणि तिथेच फसतात. समज जर्नलला ८ तास लागणारेत. आता तारखेप्रमाणे गेलास तर जर्नल गुरुवारी, पीपीटी शुक्रवारी, ट्युटोरियल शनिवारी, म्हणजे तिन्ही लेट! अशा वेळी बेरीज जिथे फुटते तिथपर्यंतचं सगळ्यात मोठं काम शेवटी टाक, इथे जर्नल, बाकीची दोन वेळेत जातील. आणि सरांकडे मुदत सोमवारीच माग, बुधवारी रात्री नको.