देणेबाकीच्या एजिंग रिपोर्टची एकूण रक्कम जुळते, तरी पैशांचे नियोजन का चुकते?

प्रश्न : पुरवठादारांची बिले आणि त्यांना दिलेली पेमेंट्स यांवरून एक्सेलमध्ये बाकी मुदतीनुसार गटांत मांडणारा एजिंग रिपोर्ट केला आहे. एकूण बाकी खतावणीशी जुळते, पण कोणत्या आठवड्यात किती पैसे लागतील याचा अंदाज दर वेळी चुकतो. चूक कुठे शोधू?

उत्तर : एकूण रक्कम जुळत असेल, तर बिले किंवा पेमेंट्स नोंदवायची राहिली असण्यापेक्षा पेमेंट चुकीच्या बिलाला लागले असण्याची शक्यता अधिक आहे. पेमेंट कोणत्याही बिलासमोर वजा केले तरी पुरवठादाराची एकूण बाकी तीच राहते. बदलते ते फक्त मुदतीनुसार होणारे वाटप, आणि नियोजन तर त्या वाटपावरच उभे असते.

एका पुरवठादाराचे उदाहरण घेऊ. बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांची उधारी आहे आणि रिपोर्ट ३० जूनचा आहे. पहिले बिल ८०,००० चे असून त्याची मुदत १ जूनला संपली. दुसरे ५०,००० चे, मुदत २४ जून. तिसरे ६०,००० चे, मुदत १० जुलै. चौथे ४०,००० चे, मुदत २७ जुलै. पहिल्या बिलापोटी ६०,००० दिले आणि मालाच्या तक्रारीमुळे २०,००० रोखून धरले. पुढे २० जूनला ४५,००० दिले, पण ते कोणत्या बिलाचे हे नोंदवलेच नाही. एकूण बाकी १,२५,००० आहे.

आता हे ४५,००० जुन्यात जुन्या बिलापासून आपोआप वजा केले, तर पहिले बिल पूर्ण फिटते, दुसऱ्याचे २५,००० उरतात आणि मुदत उलटलेली रक्कम तेवढीच दिसते. प्रत्यक्षात ते पैसे तिसऱ्या बिलाच्या मालासाठी दिलेले असतील, तर मुदत उलटलेली रक्कम ७०,००० होते आणि १० जुलैला ६०,००० ऐवजी १५,००० च लागतात. दोन्ही रिपोर्टांची बेरीज १,२५,००० च येते, म्हणून खतावणीशी पडताळून ही चूक कधीच सापडत नाही.

त्यामुळे पेमेंटच्या शीटमध्ये एका ओळीत एकच बिल ठेवावे. एका पेमेंटमधून तीन बिले भागली असतील, तर तीन ओळी कराव्यात. ज्याचे बिल ठाऊक नाही, ते पेमेंट अंदाजाने कोणत्याही बिलाला न लावता ‘न जुळलेली पेमेंट्स’ अशा वेगळ्या स्तंभात वजा चिन्हासह दाखवावे आणि पुरवठादाराकडून खातेउतारा मागवून मगच ते योग्य बिलाला लावावे. हा स्तंभ डोळ्यांना खुपतो, आणि तो खुपायलाच हवा.

बाकी आणि मुदतीचे दिवस यांसाठी ही सूत्रे पुरतात. `Bills` शीटमध्ये A बिल क्रमांक, B पुरवठादार, D देय तारीख, E रक्कम. `Payments` मध्ये A तारीख, B पुरवठादार, C बिल क्रमांक, D रक्कम. आणि रिपोर्टची तारीख `Bills` च्या K1 मध्ये आहे असे धरले आहे.

```
=E2-SUMIFS(Payments!$D:$D,Payments!$B:$B,B2,Payments!$C:$C,A2,Payments!$A:$A,"<="&$K$1)
=D2-$K$1
```

पुरवठादाराची अट गाळू नका, कारण दोन पुरवठादारांच्या बिलांचा क्रमांक सहज सारखा निघतो. `SUMIFS` ला 0012 आणि 12 हे एकच वाटतात, म्हणून अशा क्रमांकांपुढे एखादे अक्षर जोडलेले बरे. K1 मध्ये `TODAY()` न घालता तारीख हाताने लिहावी, म्हणजे महिनाअखेरचा रिपोर्ट नंतरही तसाच काढता येतो. मात्र त्या तारखेनंतरची बिलेही तेव्हा गाळावी लागतात.

दुसऱ्या सूत्राचे उत्तर उणे आले, तर मुदत उलटली आहे. बिलाचे वय सांगणारे ०–३०, ३१–६० असे गट थकबाकी तपासायला ठीक आहेत, पण पुढचा खर्च आखण्यासाठी रिपोर्टच्या तारखेपासून देय तारखेपर्यंत मोजलेले ०–७, ८–१५, १६–३० आणि ३० हून अधिक दिवसांचे गट हवेत. मुदत उलटलेली सगळी रक्कम पहिल्या आठवड्यात टाकू नये. तक्रारीपोटी रोखलेले वरचे २०,००० या आठवड्यात जाणारच नाहीत. त्यासाठी ‘देण्याची ठरलेली तारीख’ असा आणखी एक स्तंभ ठेवावा आणि तो भरलेला असेल, तेव्हा गट त्यावरून ठरवावा.

एवढे करूनही, ज्या मालाचे बिल अजून नोंदवलेले नाही, त्याचे देणे या रिपोर्टमध्ये दिसणार नाही. आलेल्या मालाच्या नोंदींवरून त्याची अंदाजी रक्कम आणि देय तारीख काढून ती नियोजनात वेगळ्या ओळीत धरावी. एजिंगमध्ये मिसळल्यास खतावणीशी बेरीज जुळणार नाही.