व्हिजिटचा हिशोब स्वतःच्या वहीत ठेव

गंगापूर रोडला ओपीडी सुरू करतोयस, तर हॉस्पिटलचा वाटा किती टक्के यापेक्षा तो कशावर कापणार, हे आधी विचार. समज फी ६०० आणि हॉस्पिटलचे ३० टक्के. २०० पेशंटचे १,२०,००० झाले, ३६,००० त्यांचे, तुझे ८४,०००. त्यातून दहा टक्के टीडीएस, हातात ७५,६००.

घोळ सवलतीत होतो. काउंटरवर १०० रुपये सोडले, तरी वाटा ६०० वरच धरला तर तुला ३५० ऐवजी ३२० मिळतात. मला हे चार महिन्यांनी कळलं, फार लागलं. वाटा जमा रकमेवर, असं करारात लिहून घे. फुकट फॉलोअपही वहीत वेगळे मांड आणि महिनाअखेरीस बिलिंगच्या यादीशी ताडून बघ.