'आमच्या मॅडमच बघतात सगळं' म्हणणाऱ्या मालकांना काय लिहायचं

प्रश्न: चाकणजवळच्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात भेटून आलो. कंपनीचे स्वतःचे ८५ कामगार. पगारपत्रक, पीएफ, ईएसआयसी हे सगळं आम्ही माणशी १०० रुपये महिना घेऊन करतो. मालक म्हणाले, "आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत, घरातच होतं सगळं, गरज नाही." आता त्यांना काय उत्तर लिहू?

उत्तर: लिहायच्या आधी एक हिशेब करा. ८५ माणसांचे तुमचे ८,५०० रुपये होतात. मॅडमचा पगार २८,००० धरला आणि हे काम त्यांचे महिन्याचे पाच दिवस खातं असं मानलं, तर २६ दिवसांच्या हिशेबाने ते साडेपाच हजारांच्या आतच बसतं. शिवाय तुम्हाला काम दिलं तरी मॅडमचा पगार काही कमी होणार नाही. म्हणजे "आमच्याकडे दिलंत तर पैसे वाचतील" हे खोटं आहे, आणि मालकांनी कागदावर मांडलं नसलं तरी त्यांना ते ठाऊक आहे. तो मुद्दा काढूच नका.

"घरी केलं की चुका होतात" हेही लिहू नका. तुमचा मेसेज मालक वाचतील आणि "मॅडम, बघा जरा" म्हणून त्यांनाच पुढे पाठवतील. ज्यांच्या कामात तुम्ही खोट काढली, त्यांच्याच हातात तुमचा निकाल. छोट्या कारखान्यात मालक बाहेरच्या माणसासाठी आपल्या जुन्या अकाउंटंटला कधी दुखवत नाहीत, आणि दुखवूही नये.

मग उरतं काय? मॅडम "सगळं" बघतात म्हणजे कंपनीच्या मस्टरवरचं सगळं. फॅब्रिकेशनच्या कारखान्यात मस्टरबाहेरही माणसं असतात: ठेकेदाराचे हेल्पर, ग्राइंडिंगवाले, पेंटवाले, लोडिंगवाले. त्यांची हजेरी सिक्युरिटी केबिनमधल्या रजिस्टरवर. ठेकेदार दर महिन्याला बिलाला पीएफ-ईएसआयसीचं चलन जोडतो. मॅडम चलन लागलंय एवढं पाहतात, फाइलला लावतात आणि पेमेंट सोडतात. त्यात त्यांचं चुकत नाही, कारण त्यांना तेवढंच सांगितलेलं असतं.

पण चलनावर एकूण रक्कम आणि एकूण माणसं एवढंच दिसतं. ठेकेदाराचं काम चार कारखान्यांत चालू असतं आणि पीएफ कोड एकच. १४० माणसांचं चलन खरंच भरलेलं असतं, पण त्यात या कारखान्यातली माणसं आहेत का, हे चलन सांगत नाही. त्यासाठी ईसीआर मागावा लागतो. त्यात प्रत्येकाचा यूएएन, नाव, ज्या पगारावर पीएफ कापला तो आकडा आणि बिनपगारी दिवस, म्हणजे एनसीपी डेज, असे रकाने असतात. हा कागद एका हातात आणि गेटचं रजिस्टर दुसऱ्या हातात घेऊन नाव अन् नाव जुळवायचं.

मी एका कारखान्यात असं जुळवलं होतं. गेटवर महिनाभर ३८ नावं, ईसीआरमध्ये त्यातली ३१. उरलेले सात जण दिवाळीनंतर गावाकडून आणलेले, त्यांचा यूएएन काढलेलाच नव्हता. बरं, जी ३१ होती त्यातल्या काहींचे ईसीआरमध्ये १२-१४ दिवसच भरलेले आणि गेटवर सह्या २४-२५ दिवसांच्या. ठेकेदाराचं बिल मात्र पूर्ण दिवसांचं, पीएफ धरून. म्हणजे मालक पीएफचे पैसे देत होते आणि ते कामगारांच्या खात्यात पोचत नव्हते.

मालकांच्या दृष्टीने यातली खरी गोम अशी, की ठेकेदाराने भरलं नाही तर मुख्य मालक म्हणून जबाबदारी त्यांच्यावर येते. त्यांनी भरायचं आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचं. ठेकेदाराचं बिल थकलेलं असेल तर वसूल होतं. तो काम सोडून गेला असेल तर बसा शोधत.

तेव्हा मी असं काहीतरी लिहीन:

"नमस्कार साहेब. पगार आणि पीएफ मॅडम बघतात हे कळलं. ते तसंच चालू द्या, ८५ जणांसाठी आमच्यापेक्षा ते तुम्हाला स्वस्तच पडतं. एकच विचारायचं होतं. ठेकेदाराची जितकी माणसं गेटवर येतात, तितकी त्याच्या ईसीआरमध्ये आहेत का, हे दर महिन्याला कोण जुळवतं? कोणी जुळवत असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर मागच्या महिन्याचं गेट रजिस्टर आणि ठेकेदाराचा ईसीआर काढून ठेवा. २० तारखेनंतर कधीही येऊन मॅडमसमोरच जुळवून दाखवतो. त्याचे पैसे नाहीत."

२० तारीख उगाच नाही घातलेली. पगार सात तारखेच्या आत, पीएफ आणि ईएसआयसी १५ च्या आत. त्या पंधरवड्यात फोन केलात तर मॅडम कातावतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. शिवाय ठेकेदार चलन भरून बिल लावतो तेही १५ नंतरच.

गेलात की रजिस्टर मॅडमना वाचू द्या आणि ईसीआरवर खुणा तुम्ही करा. कागदांचे फोटो काढू नका, त्यात लोकांचे पगार असतात. फरक निघाला तर तो मॅडमनाच मालकांना सांगू द्या. ठेकेदाराशी वाद घालायला त्यांना बाहेरचा माणूस हवाच असतो. स्वतः घातला की ठेकेदार थेट मालकांकडे जातो.

तिथेच बसल्या बसल्या, मालक नसताना, मॅडमना एक विचारून बघा: "जुलैमध्ये कोणाचा पगार २१,००० च्या वर गेला तर ईएसआयसी कधी बंद करता?" जुलैपासून म्हणाल्या तर गडबड आहे. एप्रिल ते सप्टेंबर हा एक काळ धरतात. एप्रिलला जो मर्यादेत होता त्याचा हप्ता सप्टेंबरअखेर पूर्ण पगारावर चालू ठेवावा लागतो. २०,४०० वरून २२,००० झाले असतील तर दोन्ही वाटे मिळून चार टक्के, म्हणजे महिन्याला ८८०, तीन महिन्यांचे २,६४० एका माणसामागे. नंतर लक्षात आलं तर कामगाराचा वाटा पुढच्या पगारातून कापता येत नाही, तोही कंपनीवरच पडतो. हे मॅडमना सांगा, मालकांना नको. दुरुस्त त्यांनाच करू द्या. आणि "सप्टेंबरअखेर" असं त्यांनी पटकन सांगितलं, तर बाई पक्क्या आहेत. ८५ जणांचं काम तुम्हाला मिळणार नाही, ते डोक्यातून काढा.

ठेकेदाराच्या ३५-४० माणसांच्या तपासणीचे तुमच्याच दराने साडेतीन-चार हजार होतात. बिल छोटं आहे, मान्य. पण हे काम मॅडमच्या ताटातलं काढून घेतलेलं नाही, त्यामुळे ते टिकतं. मूळ कामाचं त्यांच्याकडून आपणहून कधी निघतं, तेही सांगतो: मॅडम लांब सुट्टीवर जाणार असतात तेव्हा, किंवा सप्टेंबरात ऑडिट डोक्यावर असताना. तेव्हाही "दोन महिन्यांपुरतं करून देतो" एवढंच म्हणा, वर्षाचा करार पुढे करू नका.

मेसेजला उत्तर आलं नाही तर पुढच्या महिन्यात २० नंतर एकदा विचारा. मालक म्हणाले, "ठेकेदाराचा ईसीआर आम्ही दरमहा जुळवतो," तर धन्यवाद म्हणा आणि पुढचा कारखाना गाठा.